बारा महिने, एक गोधडी

बाळाचे दर महिन्याचे फोटो काढणाऱ्या आईवडिलांकडून एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते. फोटो न चुकता काढले, प्रत्येक वेळी आकड्याचं कार्डही ठेवलं, पण वर्षाअखेरीस बाराही फोटो शेजारी शेजारी मांडले तर बाळ वाढल्यासारखं दिसतच नाही. कधी तर सातव्या महिन्यातलं बाळ दहाव्या महिन्यातल्यापेक्षा मोठं दिसतं. मग विचारणा होते की कोणता कॅमेरा घ्यावा, कोणतं ॲप वापरावं.

कॅमेऱ्याचा यात फारसा दोष नसतो. दोष असतो फोन आणि बाळ यांच्यामधल्या बदलत्या अंतराचा. आपल्याकडे त्यात आणखी एक अडचण आहे. पहिलं बाळंतपण बहुतेकदा माहेरी होतं आणि दोन-तीन महिन्यांनी आई बाळाला घेऊन सासरी येते. म्हणजे ‘दर महिन्याला तीच जागा’ हा नियम तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच मोडतो. म्हणून जागा घरात ठरवू नका. ती गोधडीवर ठरवा, म्हणजे बाळ जिथे जाईल तिथे जागाही जाईल.

दहा सेंटिमीटरचा घोटाळा

आधी थोडा हिशेब बघू, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यांनुसार मुलग्याची मधली लांबी जन्मतः ४९.९ सेंटिमीटर असते, तीन महिन्यांनी ६१.४, नऊ महिन्यांनी ७२ आणि वर्षाला ७५.७. मुलींचे आकडे यापेक्षा एक-दोन सेंटिमीटरने कमी असतात. म्हणजे पहिल्या तीन महिन्यांत साडेअकरा सेंटिमीटर वाढ होते, तर शेवटच्या तीन महिन्यांत चारसुद्धा नाही. वर्षाच्या उत्तरार्धात महिन्याला जेमतेम सव्वा-दीड सेंटिमीटर.

आता समजा, तुम्ही फोन बाळाच्या वर एक मीटर उंचीवर धरता. आठव्या महिन्यात तो नकळत नव्वद सेंटिमीटरवर आला. ७०.६ सेंटिमीटरचं बाळ फोटोत साधारण ७८ सेंटिमीटरचं वाटेल, म्हणजे पहिल्या वाढदिवसाच्या फोटोपेक्षाही मोठं. पुढच्या महिन्यात बाबांनी फोन धरला आणि ते उंच असल्यामुळे अंतर एक मीटर दहा सेंटिमीटर झालं. नऊ महिन्यांचं बाळ आता पाच महिन्यांच्या बाळाएवढं दिसेल. पाच-सात महिन्यांची वाढ वीतभर हलण्यात गडप होते ती अशी.

गोधडी कशी निवडावी

घरात आजीने शिवलेली, चौकोनी तुकड्यांची गोधडी असेल तर उत्तम. नसेल तर शिवून घ्या. तिचं माप तीन फूट बाय चार फूट ठेवा. हे माप सोयीसाठी सुचवलेलं नाही. फोनचा नेहमीचा फोटो चारास तीन या प्रमाणात असतो, त्यामुळे या मापाची गोधडी चौकटीत काठोकाठ बसते. तुकडे अर्ध्या फुटाचे ठेवलेत तर लांबीत आठ आणि रुंदीत सहा चौकोन होतात आणि गोधडीच मोजपट्टीचं काम करते. नवजात बाळाची लांबी सव्वातीन चौकोनांच्या आसपास भरते, वर्षाच्या बाळाची पाच.

शिवायला देण्यापूर्वी एवढं पाहा:

- कापड आधी दोनदा धुऊन घ्या. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि मोजपट्टीच लहान होते. जुन्या साड्यांची गोधडी असेल तर ही भीती नाही.
- रंग फिके, राखाडी किंवा विटक्या निळ्याकडे झुकणारे घ्या. लाल आणि पिवळा टाळा. खिडकीचा उजेड कापडावरून उसळून बाळाच्या गालावर येतो आणि पिवळ्या कापडावरचं तान्हं बाळ काविळीचं दिसतं.
- एका कोपऱ्यात एक तुकडा पांढराशुभ्र ठेवा. तो कशासाठी, ते पुढे येईल.
- डोक्याकडच्या काठाला ठळक धाग्याचा एक टाका घाला. नाहीतर चौथ्या महिन्यात गोधडी उलटी अंथरली जाईल आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही.

ही गोधडी फोटोपुरतीच ठेवा. रोज बाळाखाली घातली तर ती विटेल, ताणली जाईल, आणि डाग पडतील ते वेगळेच.

पाळण्यात फोटो काढण्याचा मोह होतो, पण पाळणा झुलतो, त्याची झोळी बाळाच्या वजनाने खाली जाते आणि बाळ काही महिन्यांतच त्यात मावेनासं होतं. गादीचंही तेच. वजन वाढेल तसं बाळ तिच्यात अधिक रुततं. गोधडी जमिनीवर, चटई किंवा सतरंजीवर अंथरा. थंडीत खाली एक चादर जास्त घाला आणि कोपरे कागदी चिकटपट्टीने जमिनीला चिकटवा. पाचव्या महिन्यानंतर बाळ पाय मारून गोधडी गोळा करतं, तेव्हा या पट्ट्यांची किंमत कळते.

फोन कसा धरावा

अंतर मोजायला टेप लागत नाही. गोधडीचे चारही काठ फोटोच्या चौकटीच्या जरा आत, चारही बाजूंनी सारखी फट ठेवून बसवा. काठ नेहमी तिथेच बसले की बाळाचं प्रमाण आपोआप सारखं राहतं. पुढच्या महिन्यात आजोबांनी फोटो काढला किंवा मध्येच फोन बदलला, तरी काठ जुळवले की काम भागतं. बहुतेक फोनच्या मुख्य कॅमेऱ्याला यासाठी जमिनीपासून सुमारे एक मीटर उंची लागते. म्हणजे उभं राहून, जरा वाकून, फोन दोन्ही हातांत छातीपुढे धरायचा.

काही गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात:

- स्क्रीनवर `1x` असू द्या. `0.5x` वर कडेच्या गोष्टी ताणल्या जातात. बोटांनी मधलाच झूम केला तर पुढच्या महिन्यात नेमका तेवढाच पुन्हा जमत नाही.
- पोर्ट्रेट मोड आणि चेहरा गोरा-गुळगुळीत करणारे फिल्टर बंद ठेवा. पोर्ट्रेट मोड गोधडीच्या रेषाच धूसर करतो.
- चौकटीवरच्या आडव्या-उभ्या रेषा, म्हणजे ग्रिड, सुरू करा. फोन जमिनीला समांतर असायला हवा. गोधडीचा वरचा काठ खालच्यापेक्षा आखूड दिसला तर समजा, फोन तिरका झाला आहे. तिरक्या फोटोत कधी डोकं फुगतं, कधी पाय.

फोन बाळाच्या वर स्टँडला किंवा पंख्याच्या हुकाला टांगू नका. तशी आडव्या दांडीची स्टँड बाजारात मिळतात आणि त्यातून फोटो अचूक येतो, हे खरं. पण फोन निसटला तर तो सरळ बाळाच्या तोंडावर पडेल. हातात धरताना फोनची दोरी मनगटात अडकवा, आणि स्टुलावर चढून फोटो काढणं तर सोडूनच द्या.

बाळाला कुठे निजवावं

टाळू एका रेषेवर ठेवावी की टाचा, असं बरेच जण विचारतात. दोन्ही नकोत. तान्ह्या बाळाचे पाय पोटाशी दुमडलेलेच असतात आणि फोटोसाठी ते ओढून सरळ करायचे नसतात. त्यामुळे टाचांवरून काही कळत नाही, आणि टाळू रेषेवर ठेवली तर वाढ फक्त पायांकडे दिसते. लंगोटाची किंवा डायपरची खालची कड धरा. ती पायाकडून तिसऱ्या शिवणीवर आणि गोधडीच्या बरोबर मध्यावर ठेवा. मग डोकं हळूहळू वर सरकताना दिसतं आणि पाय खाली मोकळे होताना. खाली दीड फूट जागा उरते, ती वर्षाच्या बाळाला पुरते.

शेजारी एक ओळखीची वस्तू हवीच. बहुतेक घरांत टेडी ठेवतात. तो फुगीर असतो, बसतो त्यामुळे कॅमेऱ्याच्या जवळ येतो आणि असतो त्यापेक्षा मोठा दिसतो. शिवाय दर वेळी तो वेगळ्याच अंगाने कलंडतो. माझं मत बारशाच्या कुंचीला आहे. ती बाळाच्या उजव्या हाताला, तिसऱ्या शिवणीपासून वर सपाट पसरून ठेवा. कुंची गोधडीच्याच पातळीवर असते, त्यामुळे ती दर वेळी तेवढीच दिसते. पहिल्या महिन्यात जिच्यात बाळ खांद्यापर्यंत झाकलं जायचं, ती सहाव्या महिन्यात त्याच्या टाळूवरही बसत नाही, हे शेजारी पाहिल्याबरोबर कळतं. कुंचीला मणी किंवा टिकल्या असतील तर चौथ्या महिन्यापासून त्या आधी काढून टाका. बाळाचा हात तिथे पोचतो, आणि हातात आलेलं तोंडात जातं.

याच कारणासाठी डाळ, तांदूळ, मिरच्या किंवा फुलं पसरून केलेली सजावट टाळा. ती फोटोत छान दिसते, पण डाळीचा दाणा बाळाच्या श्वासनलिकेत अडकू शकतो. सजावटीने बाळाच्या अंगाची कडही झाकली जाते, म्हणजे आपण जे मोजायला बसलो तेच दिसत नाही. कपडे साधे ठेवा. बिनबाह्यांचं पांढरं झबलं पुरेसं आहे. घेरदार फ्रॉक आणि शेरवान्या बारशाला आणि वाढदिवसाला घाला.

उजेड: घर बदललं तरी दिशा तीच

ट्यूबलाइट, पिवळा बल्ब आणि खिडकीचा उजेड एकत्र आला की बाळ एका बाजूने निळं आणि दुसऱ्या बाजूने पिवळं दिसतं. म्हणून दिवे बंद करा, फक्त खिडकी ठेवा. गोधडी खिडकीपासून साधारण हातभर लांब अंथरा आणि खिडकी नेहमी बाळाच्या डाव्या हाताला येऊ द्या. सासरी खिडकी वेगळ्या दिशेला असेल तर गोधडी फिरवा, हा नियम बदलू नका. पायाकडून उजेड आला तर नाकाची सावली कपाळाकडे जाते आणि गोंडस चेहराही विचित्र दिसतो.

सकाळी नऊ ते अकरा ही वेळ बरी. उत्तरेची खिडकी सगळ्यात शांत, कारण वर्षाचा बहुतेक काळ तिथून थेट ऊन येत नाही. मे ते जुलैमध्ये मात्र आपल्याकडे सूर्य काही काळ उत्तरेकडे असतो, तेव्हा तिथूनही ऊन डोकावतं. दक्षिणेच्या खिडकीतून डिसेंबरमध्ये ऊन खोलीत खूप आतपर्यंत येतं. अशा वेळी खिडकीवर पांढरं धोतर किंवा पातळ ओढणी लावा. पावसाळ्यात उलट अडचण असते. उजेड कमी पडला की फोन फोटो टिपायला जास्त वेळ घेतो. चेहरा स्पष्ट आणि हात पुसट आला तर कारण हेच, हे ओळखा. गोधडी खिडकीच्या आणखी जवळ घ्या किंवा ढग सरकेपर्यंत थांबा, पण फ्लॅश लावू नका.

कोपऱ्यातला पांढरा तुकडा इथे कामाला येतो. जुलैचा निळसर आणि डिसेंबरचा पिवळसर फोटो शेजारी ठेवला तर दोन वेगळी बाळं वाटतात. फोनमधल्या संपादनात रंगाची उष्णता कमी-जास्त करून तो तुकडा दर फोटोत पांढरा दिसेल असं करा. बाकीचे रंग बहुतांशी आपोआप जुळतात.

कोणता दिवस, कोणती वेळ

जन्मतारीख धरा. जन्म ३१ तारखेचा असेल तर महिन्याचा शेवटचा दिवस. दोन-तीन दिवस मागेपुढे झाले तर बिघडत नाही, पण खरी तारीख टिपून ठेवा. पहिल्या तीन महिन्यांत मात्र आठवडाभर उशीर करू नका, कारण तेव्हा आठवड्याला जवळजवळ एक सेंटिमीटर वाढ होत असते. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यातला फोटो धरून एकूण तेरा फोटो होतात. तो पहिला चुकवू नका. दवाखान्यातून घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा चालेल.

लस टोचल्यावर बाळ दिवस-दोन दिवस किरकिरतं. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाची लस असते, ती नेमकी नवव्या फोटोच्या आसपास येते. म्हणून आधी फोटो, मग लस. फोटोसाठी लस पुढे ढकलायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

मालीश आणि अंघोळीनंतर बाळ झोपतं. पहिल्या दोन महिन्यांत झोपलेला फोटो चालतो, पुढे डोळे उघडे हवेत. दूध पाजून अर्धा तास झाला की वेळ चांगली. त्याआधीच निजवलं तर बाळ दूध काढतं आणि गोधडी धुवावी लागते.

पालथं पडणारं बाळ

पाचव्या-सहाव्या महिन्यापासून खरी परीक्षा. उताणं ठेवलं की बाळ दुसऱ्या क्षणाला पालथं होतं, मग रांगत गोधडीबाहेर जातं. इथे बरेच जण हार मानतात आणि बसलेला फोटो काढू लागतात. मग पहिले सहा फोटो एका मापाचे, पुढचे सहा दुसऱ्या मापाचे, आणि तुलना संपली.

दोन माणसं ठेवा. फोटो काढणाऱ्याने काठ जुळवून आधीच तयार राहायचं. दुसऱ्याने बाळाला तिसऱ्या शिवणीवर निजवायचं, हातात लाकडी चमचा किंवा रिकामी वाटी द्यायची, आणि फोनच्या बाजूने उभं राहून हाक मारायची. डोक्यामागून हाक मारली तर बाळ मान मागे टाकतं आणि हनुवटीचाच फोटो येतो. बाळ नवी वस्तू निरखत असतं ते दहा-पंधरा सेकंद तुमचे. तेवढ्यात लागोपाठ फोटो टिपणारा बर्स्ट मोड वापरा, त्यातला एक नक्की चांगला निघतो. दोन-तीनदा जमलं नाही तर त्या दिवशी सोडून द्या.

बाळाला बसवायची किंवा उभं करायची घाई करू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्याच अभ्यासानुसार, आधाराशिवाय बसणं साधारण पावणेचार महिन्यांपासून सव्वानऊ महिन्यांपर्यंत केव्हाही येऊ शकतं. शेजारचं बाळ सहाव्यात बसलं म्हणून आपल्या बाळाला उशांत खोचून बसवू नका. बसलेला, उभा राहिलेला फोटो हवाच असेल तर तो जादा काढा, गोधडीवरचा चुकवून नव्हे.

गोधडी अगदीच जमत नसेल तर दुसरा पर्याय आजीच्या मांडीचा. तीच खुर्ची, तीच आजी, शक्य असेल तर तीच साडी, आणि फोन समोरच्या टेबलावर खूण केलेल्या जागी. आजीची उंची वर्षभर बदलत नाही, त्यामुळे माप आपोआप मिळतं. मात्र हा पर्याय पहिल्या महिन्यापासून निवडा, आठव्यापासून नाही. आणि आजी माहेरची असेल तर सासरी गेल्यावर काय, याचा विचार आधीच करा.

आईची बाळंतपणाची रजा संपल्यावर फोटोची जबाबदारी बहुधा आजीआजोबांकडे किंवा बाबांकडे जाते. त्यांना तोंडी सांगण्यापेक्षा पहिल्या महिन्याच्या फोटोचा प्रिंट गोधडीच्या घडीत ठेवा आणि ‘असाच काढा’ एवढंच सांगा.

स्टुडिओत काढत असाल तर

वर्षभराचं पॅकेज घेण्यापूर्वी विचारा की दर महिन्याला कॅमेऱ्याची उंची आणि लेन्स तीच राहणार का. ‘दर महिन्याला नवी थीम’ हे उत्तर आलं तर त्यात सुंदर फोटो मिळतील, वाढ दिसणार नाही. आपल्याला काय हवं ते आधी ठरवा.

हक्कांबद्दल एवढं लक्षात असू द्या. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, तुम्ही सांगून आणि पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचे पहिले मालक तुम्ही असता, मात्र वेगळा करार नसेल तरच. म्हणून छापील फॉर्मवर सही करण्यापूर्वी फोटोंची मालकी आणि जाहिरातीसाठी वापर याबद्दलची ओळ शोधा. बाळाचे फोटो स्टुडिओने आपल्या पानावर टाकायला नको असतील तर ती ओळ खोडून शेजारी दोघांच्या सह्या घ्या. मूळ, पूर्ण आकाराच्या फाइल्स मिळणार का, हेही तिथेच लिहून घ्या.

तेरा फोटो एकत्र मांडताना

नातेवाइकांनी काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवला तर तो बारीक होऊन येतो. तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. नंतर प्रत्येक फोटो गोधडीच्या चार कोपऱ्यांशी कापा, बाळाच्या चेहऱ्याशी नव्हे. कोलाज बनवणारी ॲप्स चेहरा शोधून स्वतःहून फोटो मोठा करतात, ती सोय बंद करा, नाहीतर वर्षभर जपलेलं माप तिथेच जाईल. एखादा महिना हुकला असेल तर ती चौकट मोकळी सोडा. तिथे दुसऱ्या ठिकाणचा फोटो घुसवला तर आजूबाजूच्या फोटोंचीही तुलना बिघडते.

छापायला देताना शेवटची एक गोष्ट. चार बाय सहा इंचाचा प्रिंट फोनच्या फोटोपेक्षा लांबट असतो, त्यामुळे लॅबवाला कागद भरण्यासाठी फोटोची एक बाजू कापतो, आणि गोधडीचे काठ त्यातच जातात. ‘पूर्ण फोटो हवा, पांढरी कड राहिली तरी चालेल’ असं ऑर्डर देतानाच सांगा.